ऑफिसात मराठी पटापट टाइप करायचंय. फोनेटिक बरा की इनस्क्रिप्ट शिकू?

इनस्क्रिप्ट. रोज दोन-चार पानं मराठी लिहायची असतील तर दुसरा विचारच करू नका.

मी एका सहकारी संस्थेत टायपिंग करते. एका वर्षी वार्षिक अहवाल निम्मा मी केला, निम्मा नव्याने लागलेल्या मुलाने. तो फोनेटिकवाला, म्हणजे इंग्रजी अक्षरांत शब्द टाइप करून मराठी उमटवणारा. "ताई, इंग्रजी अक्षरं येतात ना, मग नवीन काय शिकायचं?" हे त्याचं रोजचं. सभेच्या आदल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, 'शेतकऱ्यांच्या' काढून सगळीकडे 'सभासदांच्या' करा. पोराने वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस मारलं आणि थेट छापून आणलं. त्याच्या पानांवर शब्द बदलला होता, माझ्या पानांवर होता तसाच. साहेब म्हणाले, "ताई, तुमच्याच पानांत घोळ दिसतोय."

घोळ 'ऱ्या'त होता. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी बनतो. एकात खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द. इनस्क्रिप्टमध्ये मी Shift धरून J, मग D, मग / दाबते, म्हणजे नुक्त्याचा ऱ आला. त्याच्या फोनेटिकने दुसरा दिला होता, आणि फाइंडच्या चौकटीतही त्याने तोच टाइप केला. मग माझी पानं सापडणार कशी? ओळखायचं असेल तर शब्दाच्या शेवटून बॅकस्पेस एकेक दाबत मागे या. उरलेल्या र-खाली टिंब दिसलं तर नुक्त्याचा, नाही तर दुसरा.

वेगाचं म्हणाल तर फोनेटिकमध्ये बोटं थांबतात ती सुचवलेल्या शब्दांच्या यादीपाशी. आडनाव, गावाचं नाव आलं की नजर कागदावरून उठून यादीत जाते. इनस्क्रिप्टमध्ये काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क K वर, ख त्याच कळीवर Shift धरून. त्यामुळे हात आलटूनपालटून चालतात आणि मान वर करावी लागत नाही. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडलं की हाच कीबोर्ड मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. पहिले काही दिवस मात्र वैताग येतो, वेग आधीपेक्षाही कमी होतो. तेवढ्यासाठी तातडीचं काम जुन्याच पद्धतीने करा.

दिवसाला दोन ओळींची मेल एवढंच काम असेल तर फोनेटिक पुरे. आणि टायपिंगच्या परीक्षेला बसणार असाल तर आधी जाहिरातीत कुठला कीबोर्ड मागितलाय ते बघा, कारण रेमिंग्टन हा तिसराच प्रकार आहे.

त्या पोराने अजून इनस्क्रिप्ट शिकलेलं नाही. रिप्लेस करायचं असलं की आता शब्द माझ्या पानावरून कॉपी करून नेतो.