दोरे मोजायचे की बिंदू?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सराव पेपर काल जेवणानंतर घेऊन बसलो. पेशीविज्ञानातले सात प्रश्न चुकलेत. त्यातले पाच तुला येत नव्हते म्हणून चुकलेले नाहीत. समासात तू केलेली कच्ची आकडेमोड वाचली. तुला सगळं ठाऊक होतं, पण प्रश्नाने विचारलं एक आणि तू मोजलंस दुसरं. नीटमध्ये अशा एका चुकीला हातचे चार गुण जातात आणि वर एक कापला जातो, म्हणून त्यावरच लिहितो.

आधी तो कांद्याचा प्रश्न घेऊ. कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीत 2n = 16 आहे. समसूत्री विभाजनाच्या ॲनाफेजमध्ये त्या पेशीत गुणसूत्रं किती? पर्याय होते 8, 16, 32 आणि 64. तू 16 वर खूण केलीस आणि बाजूला लिहिलंस, "मायटोसिसमध्ये संख्या बदलत नाही". वाक्य खरं आहे, पण ते विभाजन संपल्यावर तयार होणाऱ्या पेशींबद्दल आहे. ॲनाफेजमध्ये पेशी अजून एकच असते.

इथे एकच नियम लागतो. गुणसूत्रं मोजायची असतील तर सेंट्रोमिअर म्हणजे गुणसूत्रबिंदू मोज, आणि डीएनएचे रेणू मोजायचे असतील तर दोरे मोज. आता कांद्याची पेशी पायरीपायरीने पाहू. G1 मध्ये सोळा गुणसूत्रं, प्रत्येकात डीएनएचा एकच रेणू. S अवस्थेत प्रत्येकाची प्रत निघते, पण मूळ आणि प्रत सेंट्रोमिअरपाशी बांधलेले राहतात. म्हणजे गाठी सोळाच आणि दोरे बत्तीस. या बांधलेल्या दोऱ्यांनाच आपण सिस्टर क्रोमॅटिड म्हणतो. मेटाफेजपर्यंत हीच स्थिती असते: 16 गुणसूत्रं, 32 क्रोमॅटिड. ॲनाफेजमध्ये गाठ सुटते. त्या क्षणी प्रत्येक दोरा स्वतःच्या सेंट्रोमिअरसह स्वतंत्र होतो आणि त्याला क्रोमॅटिड न म्हणता गुणसूत्र म्हणतात. म्हणून उत्तर 32. डीएनए एका कणानेही वाढला नाही, फक्त मोजायच्या गाठी वाढल्या. पेशी दुभंगली की प्रत्येकीच्या वाट्याला पुन्हा सोळा.

हे डोक्यात बसत नसेल तर लोकरीचे चार तुकडे कापून, दोन-दोन एकत्र धरून मधोमध रबरबँड लाव. दोन रबरबँड म्हणजे दोन गुणसूत्रं. रबरबँड काढून चारही तुकडे सुटे केलेस की चार गुणसूत्रं. दहा मिनिटांचा खेळ आहे, पण ॲनाफेजची चूक पुन्हा होणार नाही.

खरा घोटाळा पुस्तकातल्या चित्राने केलाय. गुणसूत्र म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर इंग्रजी X येतो, कारण गुणसूत्रांचे फोटो बहुतेक मेटाफेजचे असतात. तेव्हाच ती सर्वांत आखूड, जाड आणि ठळक दिसतात. म्हणून वाटतं की गुणसूत्राला दोन क्रोमॅटिड असायलाच हवेत. तसं नाही. G1 मधलं एका दोऱ्याचं गुणसूत्रही पूर्ण गुणसूत्रच असतं. आणि X च्या दोन बाजू म्हणजे एक आईकडची, एक वडिलांकडची, असं तू एका उत्तरात धरलंयस, तेही नाही. त्या दोन्ही एकमेकींच्या प्रती आहेत. आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र ही समजात जोडी, आणि S अवस्थेनंतर त्यातलं प्रत्येक स्वतः एकेक X असतं.

(मोजण्यात चुकणारी तू पहिली नाहीस. माणसात 48 गुणसूत्रं असतात असंच कित्येक वर्षं शिकवलं जात होतं. 1956 मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी पेशी पाण्याने फुगवून गुणसूत्रं नीट पसरवली, तेव्हा ती 46 भरली. विभाजन मेटाफेजलाच अडवायला त्यांनी कॉल्चिसिन वापरलं होतं. पुढे जाऊ दिलं असतं तर ॲनाफेजच्या पेशीत 92 मोजावी लागली असती.)

आता अर्धसूत्री विभाजन. त्यासाठी मुळाचं टोक सोडून परागकोशात ये. मुळाच्या टोकात मिऑसिस होतच नाही, आणि कधीकधी सापळा तेवढाच असतो. ॲनाफेज I मध्ये समजात जोड्या वेगळ्या होतात, पण सेंट्रोमिअर फुटत नाही. म्हणजे पेशीत गुणसूत्रं सोळाच आणि क्रोमॅटिड बत्तीस. तू इथे 32 गुणसूत्रं लिहिलीस, म्हणजे मायटोसिसचा ॲनाफेज इथे आणलास. पुढे मिऑसिस I संपल्यावर प्रत्येक पेशीत आठ गुणसूत्रं येतात, पण प्रत्येक अजून दोन दोऱ्यांचं. म्हणून ती पेशी n आहे आणि तिचा डीएनए 2C आहे. "2C आहे म्हणजे 2n" असं मानणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. n गुणसूत्रांचे संच सांगतो, C डीएनएचं प्रमाण सांगतो. S अवस्थेत C दुप्पट होतो, n जागचा हलत नाही.

उरल्या दोन चुका प्रतिलेखन आणि भाषांतरणाच्या. साचा धागा दिला होता 3′-TAC GGA ATT-5′. त्यावरून तू एमआरएनए बरोबर काढलास: 5′-AUG CCU UAA-3′. मग अमिनो आम्लं तीन लिहिलीस. AUG म्हणजे मेथिओनिन, CCU म्हणजे प्रोलिन, आणि UAA कुठलंच अमिनो आम्ल आणत नाही, तिथे रायबोसोम थांबतो. उत्तर दोन. पुढच्या प्रश्नात UAA मुळे प्रतिलेखन थांबतं, असं लिहिलंस. आरएनए पॉलिमरेजला UAA शी काही देणंघेणं नाही. ते UAA ओलांडून पुढे जातं आणि टर्मिनेटरपाशी थांबतं. प्रमोटर आणि टर्मिनेटर प्रतिलेखनाचे, AUG आणि UAA भाषांतरणाचे. आणि धागा साचा दिलाय की कोडिंग, ते वाचल्याशिवाय पेन उचलू नकोस. कोडिंग धागा असेल तर नुसता T चा U करायचा. पूरक काढलास की उत्तर गेलं, आणि ते चुकीचं उत्तर पर्यायांत तयारच असतं.

मराठीत शिकलेल्यांना आणखी एक ठेच लागते. भाषांतरण आणि स्थानांतरण कानाला जुळे वाटतात, पण स्थानांतरण म्हणजे रायबोसोमने एमआरएनएवर एक कोडॉन पुढे सरकणं, म्हणजे भाषांतरणातलीच एक पायरी.

एक प्रश्न सोडवून आण. क्षयरोगावरची दोन औषधं: रिफाम्पिसिन जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला अडवतं, स्ट्रेप्टोमायसिन त्याच्या रायबोसोमला. जिवाणूचा एमआरएनए काही मिनिटांतच तुटतो. तर रिफाम्पिसिन दिल्यावर काही वेळाने प्रथिनं बनणंही का थांबतं, आणि तरी "थेट कोणती प्रक्रिया अडते" या प्रश्नाला भाषांतरण हे उत्तर का चालत नाही? चार ओळींत लिही. रविवारी येताना लोकर आणि रबरबँडही आण, ॲनाफेज II माझ्यासमोर करून दाखव.

तुझे,
सर