दोन लाखांत शाळेची लॅब: मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहावं?

प्रश्न: आमच्या गावच्या शाळेत आठ कॉम्प्युटर असेंबल करून छोटी लॅब करायची आहे. संस्थेने दोन लाख दिलेत, वर एक रुपयाही मिळणार नाही. मुख्याध्यापकांना प्रस्तावाचं पत्र कसं लिहू?

उत्तर:

आठ नाही, सहा लिहा. परभणीत माझं असेंब्ली-दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्या शाळेला मीही आठच लिहून दिले होते. मशीन आठ बसली, पण यूपीएसला पैसे उरले नाहीत. दिवसातून चारदा लाइट जायची आणि पोरांचं अर्धवट काम दरवेळी पाण्यात. वर्षभरात दोन एसएमपीएस गेले, तेव्हा सरांनी मला बोलावून फक्त एवढंच विचारलं, "हे पत्रात का नव्हतं?"

म्हणून हिशेब सरळ मांडा. माझ्या मागच्या लॅबचे आकडे जीएसटी धरून सांगतो, तुम्ही आजचे भाव टाका. आय-३ १२१०० प्रोसेसर, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस असा संच २९,००० ला पडला. ६०० व्हीएचा यूपीएस २,६००. म्हणजे सहा संचांचे १,८९,६००. उरले १०,४००, त्यातले ७,५०० अर्थिंग, वायरिंग आणि नेटवर्क स्विचला, बाकी एक जादा एसएमपीएस आणि कीबोर्ड-माउसला. प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी F नको. F असलेल्यात ग्राफिक्स नसतं, मग वेगळं कार्ड घ्यावं लागतं आणि बजेट तिथेच फुटतं.

अर्थिंगचा खर्च कुणी लिहीत नाही. आपल्याकडे काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. ओळखायला सोपं आहे: कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की मुंग्या येतात. मल्टीमीटर असलेल्या वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज बघायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एका शाळेत मे महिन्यात तो चाळीसच्या पुढे दाखवत होता. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून, पाणी सोडून तो खाली आणला.

आता खरा घोळ. दरपत्रकाची मुदत बहुतेक सात दिवस असते आणि संस्थेची बैठक महिन्याने. मधल्या काळात रॅम-एसएसडी महागली की मंजूर पत्र कागदावरच राहतं, पुन्हा नवी बैठक. त्यामुळे भाव वाढला तर काय कमी करायचं, ते आधीच पत्रात मंजूर करून घ्या. यूपीएस किंवा अर्थिंग कापू नका. एक अख्खा संच कमी करा.

मजकूर असा ठेवा:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय: संगणक कक्षासाठी सहा संगणक संच जोडून घेण्याबाबत.
>
> महोदय,
> उपलब्ध २,००,००० रुपयांत सहा संगणक संच, प्रत्येकी एक यूपीएस, अर्थिंग व वायरिंग करण्याचा प्रस्ताव सादर करीत आहे. तीन दुकानांची दरपत्रके व सुट्या भागांची यादी सोबत जोडली आहे. एकूण खर्च कोणत्याही परिस्थितीत वरील रकमेपुढे जाणार नाही. खरेदीच्या दिवशी दर वाढलेले असल्यास पाच संच घेण्यास याच पत्रान्वये मान्यता असावी. यूपीएस व अर्थिंग वगळू नये.
> संगणकांत उबुंटू ही मोफत प्रणाली राहील. तीत मराठी टंकलेखन होते. सर्व देयके शाळेच्या नावे, जीएसटीसह असतील. त्यांवर भागांचे सिरियल नंबर असतील व त्याप्रमाणे डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होईल. हमी भागागणिक वेगळी असल्याने तिचा तक्ता सोबत आहे.
> आपला विश्वासू

सिरियल नंबरचं वाक्य काढू नका. ब्रँडेड मशीनची हमी एकच असते. असेंबल केलेल्यात प्रोसेसरची वेगळी, एसएमपीएसची वेगळी. बिलावर नुसतं "संगणक ६ नग" असेल, तर दोन वर्षांनी गेलेला बोर्ड त्याच बिलातला आहे हे शाळेला सिद्ध करता येत नाही. ऑडिटलाही तेच बिल पुढे येतं.

दरपत्रकं घेताना तिन्ही दुकानांना एकच यादी द्या. नाहीतर एक जण १२८ जीबीची एसएसडी लावून स्वस्त दिसतो, आणि सर नेमका त्याच्यावरच शिक्का मारतात.