डिमर कमी केला की एलईडी का लुकलुकतात?

"हॉलमध्ये जुने हॅलोजन काढून एलईडी स्पॉट बसवले. डिमर अर्ध्यावर आणला की घूं असा आवाज येतो आणि अगदी कमी केला की दिवे फडफडतात. दिवे खराब निघाले की डिमर?"

बहुतेक दोन्ही धड आहेत, फक्त एकमेकांसाठी बनलेले नाहीत. पार्ल्याला माझ्या मावशीकडे हेच झालं होतं, म्हणून तेच सांगतो.

तिच्याकडे 50 वॅटचे सहा हॅलोजन होते, म्हणजे 300 वॅट. त्याजागी 5 वॅटचे सहा एलईडी आले, म्हणजे 30 वॅट. एमसीबी पाडला, टेस्टरने खात्री केली आणि डिमर बोर्डातून बाहेर काढला. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं: 60–400 W. सगळे 400 बघतात. इथे घोळ त्या 60 चा आहे. डिमरवर किमान तेवढा भार हवा आणि मावशीकडे त्याच्या निम्माच होता.

किमान भार लागतो कशासाठी? जुन्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. त्याला एकदा चालू केलं की तो चालू राहतो, पण त्यातून ठरावीक प्रवाह वाहत असेल तरच. प्रवाह त्याखाली गेला की तो सुटतो. साध्या पिवळ्या बल्बमधून प्रवाह सलग वाहतो. एलईडीला वीज पुरवणारं छोटं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, मात्र थोडा थोडा, झटक्याझटक्याने वीज घेतो. दोन झटक्यांच्या मध्ये ट्रायॅक सुटतो, परत लागतो, परत सुटतो. आपल्याला दिसते ती ही फडफड.

खात्री करायची सोपी रीत आहे. एमसीबी पाडून एक स्पॉट ड्रायव्हरसकट सोडवा आणि डिमरकडून येणाऱ्या वायरींना पिन होल्डर लावून 60 वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडा. बल्ब मोकळा लोंबकळत ठेवा, फॉल्स सीलिंगच्या आत नको, कारण तो चांगलाच तापतो. आता पाच एलईडी आणि हा बल्ब मिळून 85 वॅट झाले. फडफड थांबली तर कारण किमान भारच. मावशीकडे ती लगेच थांबली.

आवाज मात्र तसाच राहिला, कारण त्याचं मूळ वेगळं आहे. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्या करते, म्हणजे 100 अर्ध्या लाटा. ट्रायॅकचा डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो. याला लीडिंग एज म्हणतात. डिमर अर्ध्यावर असताना तो नेमका लाटेच्या शिखरावर उघडतो आणि दिव्यावर शून्यातून एकदम सव्वातीनशे व्होल्ट येतात. ड्रायव्हरच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर ते गपकन ओढतो. असे धक्के सेकंदाला 100 वेळा बसले की ड्रायव्हरमधले भाग आणि डिमरमधली कॉइल थरथरतात, तोच तो घूं. म्हणूनच आवाज मधोमध सर्वात जास्त असतो आणि दिवा पूर्ण केला की जवळपास जातो. तुमच्याकडे तसंच होतंय का, कान लावून बघा.

यावर इलाज ट्रेलिंग एज डिमर. तो लाट शून्यापासून नेहमीसारखी चढू देतो आणि शेवटचा भाग कापतो, त्यामुळे तो धक्का बसत नाही. एलईडीसाठी बनवलेल्या अशा डिमरचा किमान भारही काही वॅटच असतो, म्हणजे एका खर्चात दोन्ही तक्रारी जातात. लोहार चाळीत मागताना नुसतं "एलईडी डिमर द्या" म्हणू नका. खोक्यावर ट्रेलिंग एज लिहिलंय का आणि किमान वॅट किती, हे स्वतः वाचा. पंख्याचा रेग्युलेटर तर दिव्यांना लावूच नका.

त्याआधी एक गोष्ट तपासा: तुमच्या स्पॉटच्या ड्रायव्हरवर "डिमेबल" लिहिलंय का? नसेल तर कुठलाही डिमर आणलात तरी उपयोग नाही, ड्रायव्हरच बदलावे लागतील. मावशीचे डिमेबल होते, म्हणून फक्त डिमर बदलला. तरी अगदी तळाला दोन दिवे किंचित लुकलुकत होते. नव्या डिमरवर किमान पातळीचा छोटा स्क्रू असतो, तो थोडा फिरवून सर्वात मंद पातळी जरा वर आणली. आता रात्री टीव्ही बघताना ती दिवे जवळजवळ विझवते, तरी स्थिर राहतात.

तुमचे जुने हॅलोजन 12 व्होल्टचे असतील तर सीलिंगमध्ये त्यांचा जड, तांब्याच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर राहिलाय का तेही वायरमनला बघायला सांगा. राहिला असेल तर तो आधी काढायचा, कारण तसल्या ट्रान्सफॉर्मरवर ट्रेलिंग एज डिमर चालवायचा नसतो, डिमर जळू शकतो.