पंधरा की वीस? आधी पाकीट वाचा

प्रश्न: मी जीएनएम सेकंड इयरला आहे. प्रश्नात ड्रॉप फॅक्टर दिला नसेल तर १५ धरायचा की २०? मायक्रो ड्रिपची गणितं, त्यातही डोपामिनची, नेहमी चुकतात. काही ट्रिक आहे का? आणि यासाठी पुस्तक कोणतं घेऊ?

नाइट करून आले, झोपायचं सोडून हे लिहायला बसले. या पंधरा-वीसवरून माझं एका ट्यूटर मॅडमशी चांगलंच वाजलं होतं, आणि तो विषय निघाला की मला आजही गप्प बसवत नाही.

सूत्र तुम्हाला येतंच असणार. एकूण मिली गुणिले ड्रॉप फॅक्टर, भागिले एकूण मिनिटं. भांडण सूत्राचं नव्हतंच.

नागपुरातल्या एका खासगी नर्सिंग स्कूलमध्ये मी शिकत होते. उन्हाळ्याचे दिवस, अंतर्गत परीक्षा. प्रश्न होता: ५०० मिली नॉर्मल सलाइन ४ तासांत द्यायचं आहे, मिनिटाला किती थेंब? बस, एवढंच. सेट कोणता, त्याचा पत्ता नाही. मी लिहिलं, ‘सेट २० थेंबांचा धरला आहे’, आणि उत्तर काढलं ४२. मॅडमनी त्यावर लाल रेघ मारून बाजूला ३१ लिहिलं. मार्क शून्य. पद्धतीचे अर्धे मार्कसुद्धा नाहीत.

विचारायला गेले तर म्हणाल्या, “मॅक्रो म्हणजे पंधरा. पुस्तकात आहे.”

त्या वेळी आमची पोस्टिंग मेडिसिन वॉर्डात होती. मे महिन्यात तिथे काय हाल असतात ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऊन लागलेले, जुलाब-उलट्यांचे पेशंट, दोन खाटांमध्ये जमिनीवर गाद्या, आणि प्रत्येकाला सलाइन. आयव्ही सेटची रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यातून ओसंडून बाहेर पडलेली. त्यातलं एक उचललं, पुसलं आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यावर स्पष्ट छापलेलं होतं, २० थेंब म्हणजे १ मिली. मॅडमनी ते हातातही घेतलं नाही. “कंपनी काहीही छापते. परीक्षेत पुस्तक चालतं.”

मग मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. लॅबमध्ये मुदत संपलेली सलाइनची बाटली टांगली, नवा सेट लावला, एअर काढली आणि सेटचं टोक मोजपात्रात सोडलं. मैत्रीण घड्याळ बघत बसली. रोलर असा धरला की थेंब सुटा सुटा दिसावा, धार लागू नये. बरोबर शंभर थेंब मोजले आणि रोलर बंद केला. मोजपात्रात ५ मिली. सेट पंधराचा असता तर तिथे जवळजवळ पावणेसात मिली दिसले असते, आणि एवढा फरक साध्या डोळ्यांना कळतो. दुसऱ्या पाकिटातला सेट लावला, पुन्हा पाचच. मॅडमना बोलावून दाखवलं. त्यांचं म्हणणं, “रोलर ढिला असेल.” अहो, रोलर ढिला असला तर थेंब भरभर पडतील, थेंबाचा आकार कसा बदलेल? थेंब केवढा होणार ते चेंबरमधल्या नळीच्या तोंडावर ठरतं. पण हे मी तोंडावर बोलून दाखवलं आणि त्या वर्षीचे माझे इंटरनल मार्क कसे लागले ते विचारू नका.

मार्कांचं सोडा. वॉर्डात याचा अर्थ काय होतो ते बघा. हातात वीसचा सेट आहे आणि तुम्ही पुस्तकातले ३१ थेंब लावलेत. मिनिटाला दीड मिलीच्या जरा वर जाईल, तासाला ९३ मिली. डॉक्टरांना हवे होते १२५. चार तासांची बाटली संपायला जवळजवळ साडेपाच तास. जुलाबाने डोळे खोल गेलेल्या माणसाला हा उशीर परवडत नाही. उलट झालं तर आणखी वाईट. सेट पंधराचा आणि थेंब लावले ४२, तर तासाला १६८ मिली, बाटली तीन तासांत खाली. हृदयाचा किंवा किडनीचा म्हातारा पेशंट असेल तर तो धापा टाकायला लागेल आणि तुम्ही चार्टवर ‘रेट मेंटेन्ड’ लिहून मोकळ्या.

पंधरा आला कुठून, तर अमेरिकी पुस्तकांतून. तिकडे कंपनीप्रमाणे १०, १५ आणि २० असे तिन्ही मॅक्रो सेट असतात, म्हणून तिथल्या गणितांत फॅक्टर दिलेला असतो. आपल्याकडे गणितं उचलली आणि देता देता फॅक्टर गाळला. माझ्या हातून आजवर गेलेले साधे सेट जवळपास सगळे वीसचेच होते. तरी मी ‘वीस पाठ करा’ असं म्हणणार नाही, कारण तो त्याच मॅडमचा धडा झाला, फक्त आकडा बदलून. पाकीट वाचा.

परीक्षेत पाकीट नसतं, हे मान्य. लेखी पेपर असेल तर पहिल्या ओळीत तुम्ही कोणता फॅक्टर धरला ते लिहा आणि मगच सूत्र मांडा. पर्यायांचा पेपर असेल तर दोन्ही उत्तरं काढा. त्याला वेळ लागत नाही. तासाचे मिली काढले की वीसच्या सेटला तीनने भागायचं, पंधराच्या सेटला चारने. १२५ भागिले ३, साधारण ४२. १२५ भागिले ४, साधारण ३१. पर्यायांत बहुतेक वेळा यातलं एकच असतं, तेच पेपर काढणाऱ्याच्या मनातलं. दोन्ही असतील आणि फॅक्टर दिलेला नसेल, तर प्रश्नच चुकीचा आहे. तिथे तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जो आकडा असेल तो लावून पुढे जा, आणि निकालानंतर हरकत घ्यायची सोय असेल तर घ्या. मी घेतली असती.

आता मायक्रो. इथे मॅडमशी भांडण नाही, कारण मायक्रो सेट साठचाच. तासाची मिनिटंही साठ, म्हणून साठाला साठ कटतात आणि तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. लहान मुलांचा ब्युरेट सेट असेल तरी हेच. तुम्ही चुकता ते थेंबांत नाही, त्याआधी, एककांत आणि पूर्णांक करण्यात. नेहमी येणारं डोपामिनचं गणित घ्या. पेशंट ५० किलोचा, डोस किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, ५०० मिली बाटलीत ४०० मिलीग्रॅम डोपामिन, मायक्रो सेट.

पहिल्यांदा पेशंटला मिनिटाला किती औषध हवं ते काढा, बाटलीकडे बघूच नका. ५ गुणिले ५०, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. मग बाटलीकडे वळा. एका मिलीत किती औषध आहे? ४०० भागिले ५०० म्हणजे ०.८ मिलीग्रॅम. अर्धी मुलं इथेच पडतात, कारण वरचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये आणि हा मिलीग्रॅममध्ये. तसाच भाग दिला तर मिनिटाला ३१२.५ मिली येतं. म्हणजे अख्खी बाटली दोन मिनिटांच्या आत पेशंटच्या शिरेत. असं उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं आणि एकक बघायचं. ०.८ चे ८०० मायक्रोग्रॅम करा. २५० भागिले ८००, मिनिटाला ०.३१२५ मिली. गुणिले ६०, म्हणजे १८.७५. मिनिटाला १९ थेंब.

आता सापळा बघा. ०.३१२५ ला मधेच ०.३ केलंत की उत्तर १८ येतं, आणि पर्यायांत १८ हमखास बसवलेला असतो. गडबडीत मायक्रोऐवजी पंधरा लावलात तर पाच येतात. तोही तिथे असतो. पूर्णांक फक्त शेवटी, थेंबांवर आल्यावर करायचा. थेंब अर्धा पडत नाही म्हणून आपण तो करतो, मिलीला तसं काही बंधन नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पाकिटावरचे वीस थेंब पाण्याचे असतात आणि त्यातही दहा टक्के इकडेतिकडे चालतं. रक्त किंवा दाट द्रव असेल तर थेंबाचा आकार वेगळा. म्हणून ४१ की ४२ यावर वॉर्डात कोणी भांडू नये. ३१ की ४२ यावर मात्र भांडलंच पाहिजे. शिवाय एकदा थेंब लावले की ते तसेच राहतात असंही नाही. पेशंटने कोपर वाकवला, बाटलीतली पातळी उतरली, कोणी खाट वर केली, की वेग बदलतो. मी बाटलीवर ल्युकोप्लास्टची उभी पट्टी लावते आणि दर तासाची खूण पेनाने करते. ५०० मिली चार तासांत असेल तर प्रत्येक १२५ मिलीला वेळ लिहायची. पहिल्या तासाला पातळी खुणेच्या वर राहिली की थेंब पुन्हा मोजायचे, पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका थेंबाच्या चुकीचे चार थेंब होतात.

आमच्याकडे पोस्टिंगला मुली येतात तेव्हा मी त्यांना आधी शंभर थेंब मोजायला लावते. काहींना त्यांच्या स्कूलमध्ये अजून पंधराच शिकवलेला असतो आणि त्या मला सांगतात, “सिस्टर, पुस्तकात आहे.” मग मी पाकीट आणि मोजपात्र पुढे सरकवते आणि काही बोलत नाही. तुम्हालाही तुमच्या लॅबमध्ये हे करता येईल, साध्या पाण्यावरसुद्धा. मॅडम समोर असतील तर आणखी बरं.

आणि खऱ्या पेशंटला डोपामिन असं थेंब मोजून देऊ नका. ते इन्फ्युजन पंपावर चालतं आणि पंपाला थेंब कळत नाहीत, तासाचे मिली लागतात. वरच्या पेशंटला पंपावर १८.७५ लावायचं, किंवा पंप एकच दशांश घेत असेल तर १८.८. पंप नसेल तरच मायक्रो सेट, आणि मग खाटेजवळून हलायचं नाही.