मिश्र मराठी-इंग्रजी निरोप ज्येष्ठांसाठी मराठीत कसा करावा?

प्रश्न: "संडेच्या मीटिंगचा टाइम चेंज झाला आहे, अटेंड करणार असाल तर प्लीज कन्फर्म करा." हा निरोप आमच्या ज्येष्ठ सभासदांसाठी पूर्ण मराठीत कसा लिहू?

उत्तर: असा लिहा: "रविवारच्या बैठकीची वेळ बदलली आहे. येणार असाल तर कृपया तसे कळवा."

इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवत गेलात, तर "उपस्थिती करणार असाल तर निश्चित करा" असं काहीतरी होतं आणि काय करायचं ते कळतच नाही. मिश्र भाषेत क्रियापद बहुधा इंग्रजी शब्दाला "करणे" किंवा "होणे" जोडून बनतं, म्हणून ती जोडी एकत्र उचलून तिच्या जागी साधं मराठी क्रियापद ठेवा: अटेंड करणे म्हणजे येणे, कन्फर्म करणे म्हणजे इथे कळवणे. पुढे "फायनल लिस्ट कन्फर्म करा" असं आलं, तर मात्र तिथे "यादी नक्की करा" लागेल. मग लिंग तपासा. टाइम "झाला", पण वेळ "बदलली". घाईत बहुतेक चुका इथेच राहतात, तेव्हा वाक्य एकदा मोठ्याने वाचा. "नेक्स्ट संडे" असेल, तर लिहिणाऱ्याला विचारून तारीखच घाला. "पुढचा रविवार" कोणी येता रविवार समजतं, कोणी त्यानंतरचा.

फोन, बँक, डॉक्टर, ओटीपी मात्र तसेच ठेवा. ज्येष्ठ मंडळी हेच शब्द रोज वापरतात. "भ्रमणध्वनी" वाचताना ती उलट अडखळतील.