केळीची गोष्ट आणि कुपनचं गिऱ्हाईक

प्रश्न: माझा छोटा स्किनकेअर ब्रँड आहे. इन्व्हेस्टरच्या पिचमध्ये ‘आमचा ब्रँड कॉपी करणं अवघड का’ या स्लाइडवर काय लिहू?

काय लिहू नका ते आधी सांगते. आमचं जळगावचं क्रीम. मोठे दीर भागीदार. त्यांचा हट्ट, की स्लाइडवर केळीचा घड, आजीची कृती आणि खाली मोठ्या अक्षरात ‘जीआय मिळालेली जळगावची केळी’. मी म्हटलं, भाऊ, 2016 चं ते भौगोलिक मानांकन आपल्या डबीला नाही, केळीला आहे. उद्या शेजारचाही तीच केळी घेऊन क्रीम काढेल. ऐकतील तर शपथ.

पुण्यात ज्या इन्व्हेस्टरला भेटलो, त्या गृहस्थांनी स्लाइड पाहिलीच नाही. डबी उलटी करून घटकांची यादी वाचली. केळीचा अर्क फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली होता. हे प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत आणि एक टक्क्यावरचे घटक यादीत वजनाच्या उतरत्या क्रमाने आधी येतात, म्हणजे केळी एक टक्कासुद्धा नाही. ते म्हणाले, “ही यादी कुठल्याही थर्ड पार्टीवाल्याला दिली तर तो असंच क्रीम बनवून देईल. मग तुमचं काय उरलं?” दीर घडाकडे बघत बसले.

घरी येऊन मी वही काढली. त्या दिवाळीत 240 जणींनी पहिल्यांदा घेतलं होतं. सहा महिन्यांत 71 परत आल्या. दीर खूश. मग मी कुपनवाल्या वेगळ्या काढल्या, त्या निघाल्या 52. पूर्ण भावात परत आलेल्या फक्त 19. बाकीच्या आमच्या नव्हत्याच, कुपनच्या होत्या, आणि कुपन कुणीही देतं.

पुढच्या दिवाळीला कुपन बंद केलं. नवीन गिऱ्हाईक 130 वर आलं, घरात आठ दिवस अबोला. पण सहा महिन्यांत 38 जणी पूर्ण 349 रुपये देऊन परत आल्या. शंभरात आठ होत्या, त्या एकोणतीस झाल्या. स्लाइडवर आता एवढंच आहे. डबी, रंग, घटक महिन्याभरात उचलता येतात. सवलत नसताना तुमचंच नाव टाइप करून शोधणारी बाई उचलता येत नाही. ब्रँडच्या नावाने होणारे शोध गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतात, तो आलेखही लावा.

दोन्ही गट एकाच हंगामाचे घ्या. आपल्याकडे मे महिन्यात क्रीमला हात कोण लावतं? दिवाळीची उन्हाळ्याशी तुलना केली तर आकडा खोटाच येणार. सहा महिने यासाठी, की आमची डबी साधारण दोन महिने पुरते; तुमची लवकर संपत असेल तर मुदत कमी धरा. आणि 38 हा आकडा लहानच आहे, तो लपवू नका. ट्रेडमार्क वर्ग 3 मध्ये घेऊन ठेवा, पण त्याने नाव राखलं जातं, क्रीम नाही.

त्या गृहस्थांनी पैसे दिले नाहीत, हेही सांगायला हवं. दुसऱ्यांनी दिले, थोडे. दीर अजून म्हणतात, घडाचा फोटो ठेवला असता तर जास्त मिळाले असते.