आयव्हीचा वक्र उलटा होतो तेव्हा भीती नेमक्या कोणत्या दिवसांची असते?

प्रश्न: निफ्टीच्या ऑप्शनमध्ये पाच ट्रेडिंग दिवस उरलेल्या एक्स्पायरीची आयव्ही ३१ टक्के, महिनाभराच्या एक्स्पायरीची २० टक्के आणि तीन महिन्यांच्या एक्स्पायरीची १६ टक्के दिसत आहे. वक्र असा उलटा झाला, म्हणजे जवळच्या मुदतीची आयव्ही दूरच्यापेक्षा वर गेली, तर बाजार लवकरच कोसळणार असे समजायचे का?

उत्तर:

नाही. आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या किमतीतून निघणारी अपेक्षित अस्थिरता, ही हालचालीच्या आकाराची किंमत आहे, दिशेची नव्हे. निर्देशांक वर जाईल की खाली, हे वक्राच्या उतारावरून कळत नाही. अपेक्षित हालचाल कोणत्या दिवसांवर एकवटलेली आहे, हे मात्र त्यातून बऱ्यापैकी कळते, आणि तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांतूनही ते काढता येते.

त्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. आयव्ही नेहमी वार्षिक दराने सांगितली जाते, म्हणून वेगवेगळ्या मुदतींचे आकडे शेजारी ठेवले की ते एकाच मापाचे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा ही त्या एक्स्पायरीपर्यंतच्या सगळ्या दिवसांची सरासरी असते, आणि ती सरासरी टक्क्यांची नसून टक्क्यांच्या वर्गाची, म्हणजे व्हेरियन्सची, असते. एखाद्या दिवशी मोठी हालचाल अपेक्षित असेल, तर तो दिवस पाच दिवसांच्या सरासरीत पाचातला एक म्हणून मोजला जातो आणि साठ दिवसांच्या सरासरीत साठातला एक म्हणून. त्यामुळे जवळची आयव्ही उसळते आणि दूरची जेमतेम हलते. वक्र उलटा दिसण्याचे एक मोठे कारण एवढेच आहे, आणि अशा वेळी त्या एका दिवसापलीकडे बाजार अजिबात घाबरलेला नसू शकतो.

आता तुमचे आकडे घेऊ. एक महिना म्हणजे २० आणि तीन महिने म्हणजे ६० ट्रेडिंग दिवस असे धरतो. आयव्हीच्या वर्गाला दिवसांनी गुणले की त्या मुदतीचा एकूण व्हेरियन्स मिळतो. पाच दिवसांसाठी ३१ चा वर्ग ९६१, गुणिले ५, म्हणजे ४८०५. वीस दिवसांसाठी ४०० गुणिले २०, म्हणजे ८०००. साठ दिवसांसाठी २५६ गुणिले ६०, म्हणजे १५,३६०. हे तिन्ही आकडे चढत्या क्रमाने आहेत, याकडे लक्ष द्या. वक्र उलटा असला तरी एकूण अपेक्षित हालचाल मुदतीबरोबर वाढतच जाते. घटते ती फक्त दर दिवसाची सरासरी.

आता एकातून दुसरा वजा करा. सहाव्या ते विसाव्या दिवसांच्या वाट्याला ८००० वजा ४८०५, म्हणजे ३१९५ येतात. त्यांना १५ दिवसांनी भागले की २१३ मिळतात आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १४.६ आहे. एकविसाव्या ते साठाव्या दिवसांच्या वाट्याला ७३६० येतात, त्यांना ४० ने भागले की १८४, आणि वर्गमूळ सुमारे १३.६. या आकड्यांना फॉरवर्ड आयव्ही म्हणतात. वरवर पाहता ३१, २०, १६ असा तीव्र उतार दिसत होता. आतून पाहिले तर पहिले पाच दिवस सोडल्यास पुढचे सगळे दिवस बाजाराने चौदा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शांत काळासारखेच, धरलेले आहेत.

मग पाच दिवसांत काय दडले आहे? त्यातले चार दिवस साधे, म्हणजे १४ टक्क्यांचे, मानले तर त्यांचा वाटा १९६ गुणिले ४, म्हणजे ७८४ होतो. ४८०५ मधून तो वजा केल्यावर ४०२१ उरतात, आणि हे सगळे एका दिवसाचे आहेत. वार्षिक माप दिवसाच्या मापात आणण्यासाठी २५२ ने भागले की सुमारे १६ मिळतात, ज्यांचे वर्गमूळ ४ आहे. म्हणजे त्या एका दिवशी चार टक्के प्रमाण विचलनाची हालचाल किमतीत धरलेली आहे, तर साध्या दिवसासाठी हाच आकडा ०.९ टक्क्यांच्या आतला आहे. कोणती घटना आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण आकड्यांची ठेवण पाहता तारीख आधीच ठरलेली एखादी मोठी घटना त्या आठवड्यात असावी असे मी म्हणेन.

दुसऱ्या प्रकारचा उलटा वक्र असा नसतो. समजा आकडे ३१, २७ आणि २३ असे असते. तीच वजाबाकी केली तर सहाव्या ते विसाव्या दिवसांची फॉरवर्ड आयव्ही सुमारे २५.५ आणि पुढच्या चाळीस दिवसांची सुमारे २०.७ येते. इथे उतार तुमच्या वक्रापेक्षा सौम्य दिसतो, तरी भीती अधिक खोल आहे, कारण ती एका दिवसाची नाही. ताण महिनाभर टिकेल आणि मग हळूहळू ओसरेल, असे किमती सांगत आहेत. म्हणूनच उतार किती तीव्र आहे एवढ्यावरून भीती मोजणे मला चुकीचे वाटते. फॉरवर्ड आकडे किती लवकर नेहमीच्या पातळीवर येतात, ते पाहायला हवे.

पहिल्या प्रकाराचे आपल्या बाजारातले उदाहरण म्हणजे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल. मतमोजणी मंगळवार, ४ जून रोजी होती आणि निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची एक्स्पायरी त्या काळी गुरुवारी असे. ३० मेची एक्स्पायरी निकालाआधीच संपत होती, ६ जूनच्या एक्स्पायरीत निकाल येत होता, आणि त्यापुढच्या प्रत्येक एक्स्पायरीत तोच एक दिवस अधिकाधिक दिवसांमध्ये वाटला जात होता. अशा वेळी वक्र सरळ उलटा न होता त्याला निकालाच्या आठवड्यापाशी कुबड येते, आणि निकालाआधीची शेवटची एक्स्पायरी संपली की तेच कुबड वक्राचे पहिले टोक होते.

इंडिया व्हिक्स या एका आकड्यात हे कुबड दिसत नाही, कारण तो निर्देशांक पुढच्या ३० दिवसांची मिळून एकच सरासरी देतो. तरीही त्या आठवड्यातील त्याची चाल पाहण्यासारखी आहे. शुक्रवार, ३१ मे रोजी तो २४ च्या वर होता. एक्झिट पोल आल्यानंतर सोमवारी, ३ जूनला, निफ्टी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास चढला आणि इंडिया व्हिक्स २१ च्या जवळ उतरला. निकाल अजून लागायचाच होता, पण त्याबद्दलची अनिश्चितता संपली असे बाजाराने मानले. ४ जूनला निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, व्हिक्स दिवसभरात ३१ च्या वर जाऊन २७ च्या जरा खाली बंद झाला. ५ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक हलला, यावेळी वर, आणि तरीही व्हिक्स १९ च्या आत आला. एवढी मोठी हालचाल होऊनही तो कोसळला, यात बाजार सावरल्याचा वाटा होताच, पण निकालाचा दिवस सरासरीतून बाहेर पडला हेही तितकेच खरे कारण होते. ऑप्शन विकणारे ज्याला आयव्ही क्रश म्हणतात तो हाच. सोमवारी व्हिक्स उतरला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते: वक्र सांगतो ती बाजाराने लावलेली किंमत असते, आणि ती किंमत घटनेच्या आदल्या दिवशीसुद्धा चुकू शकते.

दुसऱ्या प्रकारासाठी अमेरिकेचा बाजार पाहावा लागतो, कारण तिथे एकाच एस अँड पी ५०० निर्देशांकावर नऊ दिवस, तीस दिवस, तीन महिने, सहा महिने अशा वेगवेगळ्या मुदतींचे अस्थिरता निर्देशांक प्रसिद्ध होतात. त्यांपैकी तीस दिवसांचा व्हिक्स तीन महिन्यांच्या निर्देशांकाच्या वर गेला की वक्र उलटा झाला असे मानले जाते. मार्च २०२० मध्ये तो आठवडेच्या आठवडे उलटा राहिला. १६ मार्चला व्हिक्स ८२.६९ वर बंद झाला आणि एस अँड पी ५०० चा तळ आठवडाभरात, २३ मार्चला, लागला. पण यावरून 'भीतीचे शिखर म्हणजे बाजाराचा तळ' असा नियम कोणी काढू नये. २००८ च्या संकटात व्हिक्सचा सर्वोच्च बंद भाव, ८०.८६, हा २० नोव्हेंबर २००८ चा आहे, आणि निर्देशांकाचा तळ लागला तो ९ मार्च २००९ रोजी, म्हणजे साडेतीन महिन्यांहून अधिक काळानंतर, जेव्हा व्हिक्स ५० च्या आसपास होता.

ताणाच्या काळात दूरची आयव्ही जवळच्याइतकी का वाढत नाही, याचे उत्तर अस्थिरतेच्या स्वभावात आहे. ती अचानक उसळते आणि मग सावकाश आपल्या दीर्घकालीन पातळीकडे परतते. हा अनुभव ऑप्शन विकणाऱ्यांना असतो, म्हणून तीन महिन्यांच्या किमतीत ते आजच्या घबराटीबरोबर पुढचे शांत दिवसही धरतात. शिवाय पडझडीत संरक्षण घेणाऱ्यांची झुंबड जवळच्या पुटवरच असते, कारण त्याला रोख रक्कम कमी लागते आणि बाजार हलला की त्याची किंमत वेगाने बदलते. जवळच्या आयव्हीत केवळ अंदाज नसतो, तर या मागणीसाठी विक्रेत्याने लावलेला विम्याचा हप्ताही असतो. वर काढलेल्या चार टक्क्यांतही तो मिसळलेला आहे.

शेवटी, आकडे खरे आहेत का हे तपासण्याची पद्धत सांगतो, कारण स्क्रीनवरचे पुष्कळ उलटे वक्र मुळात चुकीच्या आकड्यांतून आलेले असतात. वजाबाकी ऋण आली, तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की. उदाहरणार्थ, पाच दिवसांची आयव्ही ३१ आणि वीस दिवसांची १५ दिसली, तर ४५०० वजा ४८०५ हे ऋण येते आणि पुढच्या पंधरा दिवसांत शून्याहून कमी हालचाल असा अशक्य अर्थ निघतो. बहुधा दूरच्या एक्स्पायरीचा शेवटचा सौदा सकाळचा असतो आणि जवळचा आत्ताचा. त्यामुळे शेवटच्या सौद्याऐवजी खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य घ्यावा, आणि तोही दोन्हींतले अंतर कमी असेल तेव्हाच. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत बाजार उघडण्याआधी व्हिक्स ६५ च्या वर दिसला आणि दिवसअखेर ३८.५७ वर आला. सकाळच्या त्या उसळीत खऱ्या मागणीबरोबर भावांमधल्या रुंदावलेल्या अंतराचाही मोठा हात होता.

प्रत्येक एक्स्पायरीसाठी त्याच एक्स्पायरीच्या फॉरवर्ड किमतीजवळची स्ट्राइक घ्या; एकीकडे खोल पुट आणि दुसरीकडे अ‍ॅट द मनी अशी तुलना केली, तर मुदतीचा फरक आणि स्ट्राइकचा फरक एकमेकांत मिसळतात. एक्स्पायरीला दोन-तीन दिवस उरले असताना तर दिवस मोजण्याची पद्धतही निकाल बदलते. शुक्रवारी दुपारी मंगळवारच्या एक्स्पायरीला कॅलेंडरप्रमाणे सुमारे चार दिवस आणि ट्रेडिंगप्रमाणे जेमतेम दोन उरतात, आणि त्याच प्रीमियममधून दोन अगदी वेगळ्या आयव्ही निघतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती मोजणी आहे ते पाहून, सर्व मुदतींना तीच लावूनच वरची वजाबाकी करा.